पॅडल घेताना आधी मूठ मोजा

पिकलबॉलचं पहिलं पॅडल घेताना लोक आधी फेस, म्हणजे चेंडू लागतो तो पृष्ठभाग, बघतात. तुम्ही मुठीपासून सुरुवात करा. तळहाताच्या मधल्या रेषेपासून अनामिकेच्या टोकापर्यंत पट्टीने मोजा. माप ४.२५ इंच आलं, तर ४.१२५ इंचाची मूठ घ्या. गोव्याच्या दमट हवेत हात घामेजतो, मुठीवर ओव्हरग्रिपची पट्टी गुंडाळावीच लागते आणि एका ओव्हरग्रिपने घेर साधारण १/१६ इंच वाढतो. बारीक मूठ जाड करता येते, जाड मूठ बारीक करणं कटकटीचं. पकडल्यावर बोटं आणि तळवा यांच्यामध्ये दुसऱ्या हाताची तर्जनी जेमतेम मावली पाहिजे. मूठ फारच बारीक असली तर पॅडल हातात फिरतं, मग तुम्ही ते आवळून धरता आणि कोपर दुखू लागतं.

वजन २२० ते २३० ग्रॅम पुरे. कोर, म्हणजे आतला गाभा, पॉलिप्रॉपिलीनचा, १६ मिमी जाडीचा असावा: चेंडू मऊ बसतो, नेटलगतच्या किचन पट्ट्याजवळचे डिंक, म्हणजे अलगद टाकलेले फटके, ताब्यात राहतात. १३ मिमीच्या पॅडलवरून तो पटकन उडतो. फेस फायबरग्लासचा चालेल. खरखरीत कार्बन फिरकी जास्त देतो, पण खरखर झिजतेच, त्यामुळे नवख्याने त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

आणि पॅडल उन्हातल्या गाडीत ठेवू नका, फेस कोरपासून सुटू शकतो. बोटाने ठोकून बघा; एखाद्याच जागी आवाज वेगळा आला तर संशय घ्या.