रशियन पाहुण्यांसाठी मेनू: पाटोडी रस्सा कसा लिहाल?

प्रश्न: आमचं नागपुरात सावजी रेस्टॉरंट आहे. रशियन पाहुण्यांसाठी मेनूत घटक आणि अॅलर्जी कशी लिहायची?

उत्तर: भाषांतरकाराला मेनू देऊ नका, आचाऱ्याकडून घेतलेली घटकांची यादी द्या. पाटोडी रस्साच घ्या. नाव रशियन लिपीत तसंच ठेवा. खाली बेसन म्हणजे 'नूतोवाया मुका', चण्याचं पीठ. (हो, रशियनमध्ये पिठाला 'मुका'च म्हणतात, वेटरांना आधीच हसून घेऊ द्या.) बरेच जण बेसनाला 'गोरोखोवाया मुका' लिहितात, पण ते झालं वाटाण्याचं पीठ. चण्याची अॅलर्जी असलेल्याला त्यातून काहीच कळत नाही. खसखस म्हणजे 'माक', ती त्यांना ओळखीची, गोड पावात घालतात.

खरी गोम हिंगात आहे. बेसनाची डिश म्हणून आपण बिनधास्त 'गहू नाही' लिहितो, पण बांधणी हिंगात बहुतेकदा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. डबी उलटून घटक वाचा. गहू असेल तर नुसतं 'असाफेतिदा' पुरत नाही, पुढे 'सोदेर्झित पशेनीत्सु', म्हणजे 'गहू आहे', हे लिहायलाच हवं. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, पण आचाऱ्याने ब्रँड बदलला की मेनूही बदला.

पाटोडी आणि समोसे एकाच कढईत तळत असाल, तर हिंग बदलूनही 'गहू नाही' लिहू नका. समोशातला मैदा तेलात उतरतोच.