चिठ्ठीवरचं 'एचएस' आणि 'एसओएस': झोपेच्या गोळ्या नेमक्या कधी द्यायच्या?

प्रश्न: आईचं वय ६८. राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी झोपेसाठी दोन गोळ्या लिहून दिल्यात. एकीपुढे 'क्लोनाझेपाम ०.५, ½, एचएस × १५' आहे, दुसरीपुढे 'झोल्पिडेम ५, एसओएस (५)'. मेडिकलवाल्यानं दोन्ही पाकिटांवर पेनानं फक्त 'रात्री' लिहिलंय. दोन्ही रोज जेवल्यावर द्यायच्या का? आई साडेआठला जेवते, साडेदहाला झोपते, पहाटे साडेपाचला उठते.

उत्तर:

नाही. पहिली रोज द्यायची, पण जेवल्यावर नव्हे, अंथरुणावर पडताना. दुसरी रोज द्यायची नाही. ती कोणत्या रात्री द्यायची हे डॉक्टरांकडून नीट कळेपर्यंत कपाटातच राहू दे. डॉक्टरांनी दोन वेगळ्या सूचना लिहिल्या होत्या, 'रात्री' या एका शब्दानं त्यांची एकच सूचना झाली. घोळ तिथं आहे.

'एचएस' हे लॅटिन शब्दांचं लघुरूप. अर्थ 'झोपेची वेळ'. 'एसओएस' हेही लॅटिनच, 'गरज लागली तर'. बुडत्या जहाजाच्या हाकेशी त्याचा संबंध नाही. काही डॉक्टर त्याऐवजी 'पीआरएन' लिहितात, अर्थ तोच. म्हणजे एचएस तुम्हाला वेळ सांगतं आणि एसओएस अट सांगतं. अट पूर्ण झाली नाही तर ती गोळी त्या रात्री नाही. पाच रात्री गरज पडली नाही, तर पाचही गोळ्या शिल्लक राहायला हव्यात.

आधी एचएसचं बघू. आपल्याकडे ०-०-१ म्हणजे सकाळ-दुपार-रात्र हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय, आणि 'रात्री' म्हणजे जेवणानंतर. बीपीच्या किंवा कोलेस्टेरॉलच्या गोळीला ते चालून जातं. गुंगी आणणाऱ्या गोळीला चालत नाही. क्लोनाझेपामचा अंमल साधारण अर्ध्या-एक तासात जाणवू लागतो. साडेआठला दिली तर नऊ-साडेनऊला, आई भांडी आवरत असताना किंवा मोरीत असताना, पाय अडखळायला लागतात. या वयात घरातल्या घरात पडून खुबा मोडतो तो असाच. म्हणून दात घासणं, पाणी, लघवी, दाराची कडी हे सगळं आधी उरकायचं आणि साडेदहाला गोळी घेऊन सरळ आडवं व्हायचं. गोळी घेतल्यावर 'एवढी मालिका संपू दे' नको. रात्री लघवीला उठावं लागत असेल तर वाटेवरचा दिवा चालू ठेवा.

'½' म्हणजे अर्धी गोळी. इथं दोन आकड्यांची गल्लत होते. ०.५ हे गोळीतल्या औषधाचं वजन आहे, मिलिग्रॅममध्ये. ½ हे गोळीचं माप. दोन्ही मिळून आईंच्या पोटात जायचं औषध ०.२५ मिलिग्रॅम. दुकानात ०.५ नव्हती म्हणून ०.२५ ची स्ट्रिप दिली असेल, तर मात्र पूर्ण गोळी द्यायची, अर्धी नव्हे. उलट १ मिलिग्रॅमची स्ट्रिप हातात आली आणि तुम्ही अर्धी देत राहिलात, तर रोज दुप्पट औषध जाईल. एकाच नावाच्या ०.२५, ०.५, १ आणि २ च्या स्ट्रिपा दिसायला सारख्याच असतात, म्हणून घरी आल्यावर स्ट्रिपच्या मागचा आकडा उजेडात वाचा. हिशोबही जुळवून बघा: १५ दिवस रोज अर्धी म्हणजे साडेसात गोळ्या, आठ पुरतात. फार जास्त मिळाल्या असतील तर कुठंतरी वाचण्यात चूक झाली असू शकते.

अर्धी करायची ती मधोमध खाच असलेली साधी गोळी. स्ट्रिपवर नावापुढे 'एमडी' असेल तर ती तोंडात विरघळणारी गोळी असते, ठिसूळ असते, तोडताना भुगा होतो. नावापुढे 'सीआर', 'एसआर' किंवा 'ईआर' असेल तर ती सावकाश विरघळायला बनवलेली असते. तिचे तुकडे केले की रात्रभराचं औषध एकदम सुटतं. अशी गोळी आली असेल तर न तोडता दुकानात परत न्या.

क्लोनाझेपामची आणखी एक गोष्ट कळली तर पुढचा आठवडा नीट जाईल. हे औषध शरीरातून हळू उतरतं, निम्मं कमी व्हायलाच ३० ते ४० तास लागतात. म्हणजे आजच्या गोळीत कालची थोडी शिल्लक असतेच. म्हणून पहिल्या दोन सकाळी 'काही त्रास नाही' म्हणणारी आई पाचव्या-सहाव्या सकाळी सुस्त, बोलताना अडखळणारी, चालताना झुकणारी दिसू शकते. घरचे म्हणतात, गोळी तर तीच आहे मग आज काय झालं? झालं ते साचण्यानं. तसं दिसलं तर पंधरा दिवस संपायची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. एखाद्या रात्री गोळी राहिली आणि पहाटे तीनला आठवली, तर ती सोडून द्या आणि दुसऱ्या रात्री दोन घेऊ नका.

आता एसओएस. माझ्या मते नुसतं 'एसओएस' हे अर्धवट वाक्य आहे. ते पूर्ण व्हायला चार गोष्टी लागतात: कशासाठी, किती वाजेपर्यंत, जास्तीत जास्त किती, आणि रोजच्या गोळीसोबत की तिच्याऐवजी. चिठ्ठीवर यातलं काही नसतं. डॉक्टर तोंडी सांगतात आणि ते गर्दीत विरून जातं.

तुमच्या बाबतीत 'किती वाजेपर्यंत' हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे, म्हणून तो मांडून दाखवतो. झोल्पिडेम क्लोनाझेपामच्या उलट आहे, पटकन चढतं आणि काही तासांत उतरतं. पण ते घेतल्यावर उठेपर्यंत सात-आठ तास हातात असायला हवेत, अशी त्या औषधाची स्पष्ट सूचना आहे. आई साडेपाचला उठणार, तर साडेदहाला घेतलं तरच जेमतेम सात तास भरतात. पण 'गरज लागली तर' याचा आपण घरी काय अर्थ लावतो? झोप येते का बघू, नाही आली तर देऊ. बघता बघता बारा-साडेबारा होतात. त्या वेळी दिलेली गोळी पहाटे अंगात असतेच. उठून चुलीशी जाणं, पायऱ्या उतरणं, अंबाबाईच्या दर्शनाला निघणं, सगळं अर्धवट गुंगीत होतं. उठलेलं आठवत नाही असंही घडतं. दोनला जाग आली म्हणून गोळी देणं तर नकोच.

म्हणजे एकतर साडेदहालाच ठरवायचं की आजची रात्र गरजेची आहे, किंवा उशिरा दिली तर सकाळी आईंना साडेसातपर्यंत झोपू द्यायचं. यातलं कोणतं, ते डॉक्टरांना विचारा. ही गोळी भरल्या पोटी उशिरा लागू पडते, हेही लक्षात असू दे. रविवारी तांबडा-पांढरा रस्सा ओरपून लगेच घेतली, अर्ध्या तासात झोप आली नाही, म्हणून 'ही काम करत नाही' समजून दुसरी घेतली, आणि मग दोन्ही एकदम चढल्या, ही चूक नेहमीची आहे. साडेआठचं जेवण आणि साडेदहाची गोळी यांत दोन तास जातात, ते चांगलंच आहे. वयस्कर माणसाला ५ मिलिग्रॅमच देतात, आणि एका रात्री एकच.

चौथी गोष्ट, सोबत की ऐवजी, ही अंदाजानं ठरवायची नाही. दोन्ही औषधं मेंदूच्या एकाच यंत्रणेवर काम करतात, त्यामुळं एकत्र घेतली की गुंगी वाढते आणि श्वासही मंदावू शकतो. उत्तर मिळेपर्यंत फक्त एचएसवाली द्या. विचारताना आईंची बाकी सगळी औषधं वाचून दाखवा, सर्दीची गोळी आणि खोकल्याचं सिरपसुद्धा. क्लोरफेनिरामिन असलेल्या सर्दीच्या गोळीनं झोप येते, पण तिला कुणी 'झोपेची गोळी' म्हणत नाही, म्हणून ती सांगायची राहून जाते.

कंसातला (५) म्हणजे पाच दिवस नव्हे, पाच गोळ्या. एसओएसपुढचा आकडा बहुधा दुकानदारासाठी असतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर झोल्पिडेम दिलेल्या तारखेला खूण करा. पाच गोळ्या पंधरा दिवस पुरल्या तर ठीक. पाच रात्रींत संपल्या, तर पुढच्या भेटीत पहिली गोष्ट तीच सांगा, कारण पहिली गोळी पुरत नाही किंवा झोप न येण्याचं कारण दुसरंच आहे, हे डॉक्टरांना त्यावरून कळेल.

फोन झाला की 'रात्री' खोडून पाकिटांवर मराठीत लिहा. पहिल्यावर: 'रोज, साडेदहाला, अंथरुणावर बसून, अर्धी.' दुसऱ्यावर डॉक्टर सांगतील ते, पण या धर्तीवर: 'झोप नसेल त्या रात्रीच. अमुक वाजल्यानंतर नाही. एका रात्री एकच. क्लोनाझेपाम त्या रात्री द्यायची / नाही द्यायची.' पाकिटावर मावत नसेल तर मोठा कागद घडी करून रबरानं बांधा. आणि गोळ्या आईंच्या उशाशी ठेवू नका. अर्धवट झोपेत 'घेतली की नाही' आठवत नाही आणि पुन्हा घेतली जाते.

पंधरा दिवसांनंतर तीच चिठ्ठी दाखवून आणखी गोळ्या मागू नका. पुन्हा द्यावं असं डॉक्टरांनी लिहिलेलं नसेल, तर एका चिठ्ठीवर ही औषधं दुसऱ्यांदा देता येत नाहीत. झोल्पिडेम तर एच१ यादीत आहे; दुकानदाराला आईंचं आणि डॉक्टरांचं नाव नोंदवहीत लिहून ती नोंद तीन वर्षं ठेवावी लागते. तो 'नाही' म्हणाला तर आडमुठेपणा समजू नका. गोळ्या संपायच्या तीन-चार दिवस आधीच डॉक्टरांकडे जा. पुढं महिना-दोन महिने क्लोनाझेपाम चालू राहिली, तर ती एका दिवसात बंद करायची नसते. झोप उडते, हात थरथरतात, क्वचित फिटही येते. टप्प्याटप्प्यानं कमी करायचं वेळापत्रक डॉक्टर लिहून देतात.

एखाद्या सकाळी हाक मारून, हलवूनही आई जाग्या होत नसतील, श्वास फार संथ वाटत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर थांबून बघू नका. १०८ ला फोन करा आणि दोन्ही पाकिटं सोबत घेऊन निघा.