स्वादुपिंडाची स्लाइड वाचताना: ॲसिनसपासून आयलेटपर्यंत

स्पॉटिंगमध्ये पॅरोटिड आणि स्वादुपिंड यांत दर वेळी गल्लत होते. आयलेट दिसलंच नाही तर कशावरून ओळखायचं?

आयलेट न दिसणं अगदी शक्य आहे. प्रौढ माणसाच्या स्वादुपिंडात आयलेटचा वाटा साधारण १ ते २ टक्केच असतो आणि शेपटीकडच्या भागात ती जास्त दाट असतात. त्यामुळे छोट्या तुकड्यात एकही आयलेट सापडलं नाही तरी उत्तर बदलू नका.

आधी १०च्या लेन्सखाली नलिका शोधा. पॅरोटिडच्या खंडिकांमध्ये ठळक गुलाबी, उंच पेशींच्या नलिका जागोजागी दिसतात. त्यांच्या पेशींच्या तळाशी उभ्या रेघा असतात, म्हणून त्यांना स्ट्रायेटेड डक्ट म्हणतात. स्वादुपिंडात त्या मुळीच नसतात. तिथे खंडिकेच्या आतल्या नलिका बारीक, फिक्या आणि बुटक्या पेशींच्या असतात. मग ४०ची लेन्स लावून ॲसिनसच्या मधोमध पाहा. तिथे एक-दोन फिकी, अंडाकृती केंद्रकं दिसली तर त्या सेंट्रोॲसिनर पेशी आहेत आणि स्लाइड स्वादुपिंडाची आहे. चरबीच्या पेशींवर मात्र विसंबू नका. पॅरोटिडमध्ये त्या भरपूर असतात हे खरं, पण वयस्क किंवा लठ्ठ व्यक्तीच्या स्वादुपिंडातही त्या तितक्याच सहज सापडतात.

ॲसिनसची पेशी तळाशी निळी आणि टोकाला गुलाबी का दिसते? आणि मधल्या त्या सेंट्रोॲसिनर पेशी करतात तरी काय?

ॲसिनसची पेशी दिवसभर प्रथिनं तयार करते. त्यासाठी लागणारं खडबडीत अंतर्द्रव्य जाळं तिच्या तळाशी दाटलेलं असतं. त्यावरच्या रायबोसोममधलं आरएनए हिमॅटॉक्सिलिन धरून ठेवतं, म्हणून तळ जांभळट-निळा दिसतो. तयार झालेली विकरं झायमोजेन कणांत भरून टोकाकडे साठतात आणि हे कण इओसिन घेतात, म्हणून टोक गुलाबी. उपाशीपोटी हे कण जास्त असतात. जेवणानंतर ते रिकामे होतात आणि गुलाबी पट्टा अरुंद होतो.

प्रथिनं पचवणारी विकरं या कणांत निष्क्रिय रूपात असतात. ट्रिप्सिनोजेनचं ट्रिप्सिन होतं ते लहान आतड्यात, तिथल्या एंटेरोकायनेजमुळे. एकदा ट्रिप्सिन तयार झालं की ते बाकीच्यांनाही सक्रिय करतं. ॲमिलेज आणि लायपेज मात्र सक्रिय रूपातच बाहेर पडतात. हा फरक तोंडी परीक्षेत हमखास विचारला जातो.

सेंट्रोॲसिनर पेशी म्हणजे नलिकेची सुरुवातच, फक्त ती ॲसिनसच्या आत शिरलेली असते. त्यांच्यात झायमोजेन कण नसतात, खडबडीत जाळंही फारसं नसतं, म्हणून त्या फिक्या दिसतात. सीक्रेटिनचा संदेश आला की या पेशी आणि त्यांना जोडलेल्या इंटरकॅलेटेड नलिका बायकार्बोनेटयुक्त पाणी सोडतात. कोलेसिस्टोकायनिनमुळे ॲसिनसच्या पेशी विकरं सोडतात. म्हणजे रसातलं पाणी आणि विकरं वेगवेगळ्या पेशींकडून येतात. या पाण्याचा प्रवाह मंदावला की घट्ट रस नलिकांमध्ये अडकतो. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये नेमकं हेच घडतं.

आमच्या प्रयोगशाळेत केलेल्या स्लाइडमध्ये ॲसिनी पुसट येतात, केंद्रकंही विरलेली दिसतात. रंगाचा दोष असेल का?

बहुतेक नाही. हा अवयव स्वतःचीच विकरं घेऊन बसलेला असतो, त्यामुळे रक्तपुरवठा थांबला की काही वेळातच तो स्वतःला पचवू लागतो. तुकडा कापल्याबरोबर १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिनमध्ये टाका. जाडी ३ ते ५ मिलिमीटर ठेवा, फॉर्मालिन तुकड्याच्या किमान १० पट, शक्यतो २० पट घ्या आणि २४ तास राहू द्या.

दोष कुठला हे स्लाइडच सांगते. कडा चांगल्या आणि मध्यभाग विरलेला असेल, तर तुकडा जाड होता आणि फॉर्मालिन आत पोहोचायला उशीर झाला. कडेपासून मध्यापर्यंत सगळंच विरलेलं असेल, तर फॉर्मालिनमध्ये टाकण्यापूर्वीच वेळ गेला. रंग पुन्हा दिल्याने यातलं काहीही सुधारत नाही.

एच अँड ई स्लाइडवर अल्फा आणि बीटा पेशी वेगळ्या दाखवायला सांगतात. आयलेटच्या कडेच्या पेशी अल्फा असं लिहिलं तर चालेल?

नको. एच अँड ईवर आयलेटच्या सगळ्या पेशी जवळपास सारख्याच फिक्या दिसतात. दोऱ्यांसारख्या रांगा आणि त्यांच्यामध्ये केशवाहिन्या, एवढंच खात्रीने सांगता येतं. पॉल लँगरहॅन्स यांनी १८६९ साली हे पुंजके पाहिले तेव्हा त्यांचं कामही ठाऊक नव्हतं.

मध्यभागी बीटा आणि कडेला अल्फा ही मांडणी उंदरात स्पष्ट दिसते. तिथूनच ती पाठ्यपुस्तकांच्या आकृत्यांत आली. माणसाच्या आयलेटमध्ये, विशेषतः मोठ्या आयलेटमध्ये, दोन्ही पेशी बऱ्याच मिसळलेल्या असतात. बीटा साधारण ५० ते ७० टक्के, अल्फा २० ते ४० टक्के आणि डेल्टा १० टक्क्यांच्या आत. बीटा पेशी इन्सुलिन, तेवढंच सी-पेप्टाइड आणि थोडं अमायलिन सोडतात. अल्फा पेशी ग्लुकागॉन सोडतात. डेल्टा पेशींचं सोमॅटोस्टॅटिन शेजारच्या या दोन्ही पेशींना आवर घालतं. घ्रेलिन सोडणाऱ्या एप्सिलॉन पेशी प्रौढात अगदी तुरळक असतात.

वेगळ्या ओळखायच्या तर गोमोरीची जुनी पद्धत आहे. ॲल्डिहाइड फुक्सिनने बीटा पेशींचे कण गडद जांभळे होतात. पण हाच रंग लवचिक तंतू आणि मास्ट पेशीही घेतात, त्यामुळे रक्तवाहिनीच्या भिंतीतला जांभळा रंग बीटा पेशी समजू नका. आज भरवशाची पद्धत म्हणजे प्रत्येक संप्रेरकाविरुद्धच्या प्रतिपिंडांनी केलेलं इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री. त्यातही एक मर्यादा आहे: रंगतं ते साठवलेलं संप्रेरक. इन्सुलिन सोडून रिकामी झालेली बीटा पेशी फिकी दिसेल, पण ती तिथे असतेच.

स्वादुपिंडाच्या डोक्याच्या भागातून चार ओळीचे छेद घेतले. इन्सुलिन थोडं रंगलं, ग्लुकागॉन जवळजवळ नाहीच. या रुग्णाच्या अल्फा पेशी नष्ट झाल्या का?

तसा निष्कर्ष काढण्याआधी तुकडा डोक्याच्या नेमक्या कुठल्या बाजूचा होता ते तपासा. गर्भात स्वादुपिंड दोन कळ्यांपासून बनतं. पुढच्या, म्हणजे व्हेंट्रल कळीपासून डोक्याचा मागचा भाग आणि अनसिनेट प्रोसेस तयार होतो. या भागातल्या आयलेटमध्ये पीपी पेशींचं राज्य असतं. त्या पॅनक्रिएटिक पॉलिपेप्टाइड सोडतात. तिथे अल्फा पेशी मुळातच फार कमी असतात आणि बीटाही कमी. एच अँड ईवर ही आयलेट गोल नसून वेड्यावाकड्या कडांची, लांबट दोऱ्यांची दिसतात.

तेव्हा उरलेल्या छेदावर पॅनक्रिएटिक पॉलिपेप्टाइडचा प्रतिपिंड लावा. आयलेटमधल्या बहुतेक पेशी रंगल्या तर हा त्या भागाचा नेहमीचा नमुना आहे, आजार नाही. त्याच वेळी शेपटीचा एक छेदही ग्लुकागॉनसाठी रंगवा. तिथे अल्फा पेशी नेहमीसारख्या दिसल्या तर प्रतिपिंड आणि पद्धत दोन्ही ठीक आहेत. शेपटीतही काहीच रंगलं नाही, तर आधी पद्धतीवर संशय घ्या आणि नेहमी ग्लुकागॉन रंगणारा एखादा जुना ब्लॉक सोबत लावून ती तपासा. पेशींच्या टक्केवारीबद्दल लिहायचं असेल तर अहवालात तुकडा डोक्याचा, मधल्या भागाचा की शेपटीचा हे आधी नोंदवा. त्याशिवाय दोन रुग्णांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत.