हप्त्यांची पोस्ट: व्याज कोण भरतं ते लिहा

प्रश्न: आमच्या इलेक्ट्रॉनिक्स शोरूमच्या फेसबुक आणि इन्स्टाच्या पोस्ट मी करतो. मालक म्हणतात, "शून्य टक्के व्याज" ठळक लिही. लोकांची फसगत न होता हप्त्यांची योजना कशी लिहावी?

"शून्य टक्के" हे शब्द काढून टाका. पैसे उधार देणारी बँक व्याज घेतेच. नो कॉस्ट ईएमआयमध्ये ते व्याज कंपनी किंवा दुकान सवलत म्हणून सोसतं, एवढंच. क्रेडिट कार्डांसाठीच्या २०२२ च्या नियमांत रिझर्व्ह बँकेने स्पष्ट म्हटलं आहे की व्याज असलेला हप्ता बिनव्याजी म्हणून दाखवायचा नाही, आणि मुद्दल, व्याज व सवलत हे तिन्ही आकडे ग्राहकाला आधी सांगायचे.

मी ही चूक स्वतः केली आहे. साताऱ्यातल्या एका शोरूमसाठी मी लिहिलं होतं, "३६,००० चा फ्रीज, दरमहा फक्त ३,०००, व्याज नाही." पुढच्या महिन्यात एक काका कार्डाचं बिल घेऊन दुकानात आले. त्यावर ३,३१० रुपये होते. "तुम्ही तीन हजार म्हणाला होतात," एवढंच ते म्हणाले आणि मला उत्तर देता येईना. त्या रात्री मी तो हिशोब नीट मांडून पाहिला.

कार्डाचं व्याज वर्षाला १५ टक्के होतं. दुकानाने फ्रीजवर २,७६२ रुपये सवलत दाखवून ३३,२३८ रुपये कार्डावर घेतले होते. त्या रकमेवर १२ महिन्यांचं व्याज बरोबर २,७६२ होतं, म्हणून हप्ते मिळून पुन्हा ३६,००० झाले. इथवर पोस्ट खरी होती. पण कार्डाच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि तो सवलतीत धरलेला नव्हता. पहिल्या महिन्याचं व्याज ४१५, त्यावर जीएसटी ७५. शिवाय प्रोसेसिंग फी १९९, ती जीएसटीसह २३५. म्हणून ३,३१०. वर्षभरात काकांना ३६,७३२ पडणार होते. आणि तोच फ्रीज आम्ही रोखीने ३४,५०० ला देत होतो! हे मला सगळ्यात जास्त लागलं. रोख भावातली सवलत सोडायला लावणं हा हप्त्याचाच खर्च आहे, आणि पोस्टमध्ये त्याचा उल्लेखही नव्हता.

तेव्हापासून मी असं लिहितो:

"फ्रीज: रोख ३४,५०० रुपये. ठरावीक क्रेडिट कार्डांवर ३,००० चे १२ हप्ते. व्याजाइतकी सवलत बिलातच मिळते. व्याजावरचा जीएसटी आणि बँकेची फी वेगळी, साधारण ७३२ रुपये. एकूण सुमारे ३६,७३२."

काही बँका सवलत आधी न देता काही महिन्यांनी कॅशबॅक देतात. तेव्हा हप्ता ३,००० नसतो. याच उदाहरणात तो ३,२४९ येतो. पोस्टमध्ये तोच लिहा आणि कॅशबॅक कधी जमा होणार तेही लिहा.

फायनान्स कंपनीच्या कर्जात गोम वेगळीच असते. काउंटरवर आपण "बारा-चार" म्हणतो, पण ग्राहकाला ते कळत नाही. बारा-चार म्हणजे बारापैकी चार हप्ते खरेदीच्या दिवशीच. "दरमहा ३,०००" वाचून आलेल्या ताईंना पहिल्या दिवशी १२,००० आणि वर फी भरावी लागते. बरेचदा तेवढे पैसे त्यांनी आणलेलेच नसतात. म्हणून पहिल्या ओळीत लिहा: "आज १२,००० आणि फी, मग ८ महिने ३,०००." ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जाच्या सगळ्या खर्चाचा तक्ता वार्षिक टक्केवारीसह ग्राहकाला द्यावा लागतो. काउंटरवरच्या फायनान्सच्या मुलाकडून एका नमुना खरेदीचा तो तक्ता मागून घ्या आणि आकडे त्यातूनच उचला. तोंडी सांगितलेल्या आकड्यांत फी हमखास राहून जाते.

मालक म्हणतील, एवढं लिहायचं तर खाली बारीक इंग्रजीत "अटी लागू" टाक. ते चालत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दलच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि त्याच फाँटमध्ये हवा. दावा मराठीत असेल तर जीएसटीची ओळही मराठीत, आणि फोनवर न ताणता वाचता येईल एवढी.

चित्रातच योजनेची शेवटची तारीख छापा, कॅप्शनमध्ये नको. पोस्ट काढून टाकली तरी ते चित्र व्हॉट्सॲपवर फिरत राहतं, आणि दसऱ्याची योजना दाखवत लोक डिसेंबरात येतात.