2400 उतारांपैकी फक्त 12 कोसळले: इंटरसेप्ट कसा दुरुस्त करायचा?

प्रश्न: चिपळूण तालुक्यातल्या 2400 डोंगरउतारांची माहिती माझ्याकडे आहे, त्यातल्या 12 ठिकाणी दरड कोसळली. घटना कमी असल्या की लॉजिस्टिक रिग्रेशनचा इंटरसेप्ट चुकतो असं वाचलं. कोसळलेले 12 आणि न कोसळलेल्यांतले 60 एवढेच घेऊन मॉडेल बसवू का?

उत्तर: नका बसवू. 2400 उतारांची माहिती हातात असताना 2328 उतार फेकून दिले तर अचूकता फक्त कमीच होते. असं निवडक घेणं तेव्हाच परवडतं, जेव्हा प्रत्येक उतारावर चढून मातीचा थर मोजायचा असतो आणि माणसं दोनच असतात.

72 उतारांवर मॉडेल बसवलंच, तर सहगुणक साधारण जागेवर राहतील, पण इंटरसेप्ट मोठ्या फरकाने वर जाईल. न कोसळलेले 2388 होते, तुम्ही 60 घेतले, म्हणजे ऑड्स 39.8 पट फुगले. त्यामुळे इंटरसेप्टमधून ln(39.8), म्हणजे 3.68 वजा करावे लागतात. ते केलं नाही, तर मॉडेल ज्या उताराला 50 टक्के शक्यता देईल त्याची खरी शक्यता असते जेमतेम 2.5 टक्के. तेवढ्यावर लोकांना घरं सोडायला सांगितलीत, तर पुढच्या पावसात तुमचं कुणी ऐकणार नाही.

तुम्ही वाचलेला बायस याहून वेगळा आहे आणि तो सगळे 2400 उतार घेतले तरी राहतो. 12 हा आकडाही योगायोगाचाच. तसाच पाऊस पुन्हा झाला तर 8 किंवा 16 उतारही कोसळू शकतात. 12 चे 8 झाले तर लॉग-ऑड्स 0.41 ने खाली जातात, 16 झाले तर मात्र फक्त 0.29 ने वर. खालची ओढ जास्त, म्हणून इंटरसेप्ट सरासरीने खरा असायला हवा त्यापेक्षा कमी येतो. नुसता इंटरसेप्ट असलेल्या मॉडेलमध्ये हा बायस साधारण −1/(2 × घटना) इतका असतो, तुमच्या बाबतीत −0.04. इथे भाजकात घटना आहेत, एकूण उतार नाहीत: 24,000 उतारांत 12 घटना असत्या तरी तो तेवढाच राहिला असता. किंग आणि झेंग यांनी 2001 मध्ये यावर जी दुरुस्ती दिली ती योग्यच आहे, पण प्रमाण लक्षात ठेवा. याच इंटरसेप्टची प्रमाणित त्रुटी 0.29 आहे. चल वाढवत गेलात तर बायसही वाढतो, म्हणून 12 घटनांवर दोन-तीन चलांच्या पुढे जाऊ नका.

खरी पंचाईत दुसरीकडे होईल. समजा रस्त्यासाठी तासलेले उतार 600 आहेत आणि बाराही दरडी त्यांतच पडल्या. मग R मधला `glm` 'तासलेला' या चलाचा सहगुणक अनंताकडे नेतो. पंधरा-वीसच्या घरातला सहगुणक आणि हजारांतली प्रमाणित त्रुटी दिसली की हेच झालं असं समजा. बायस कमी करणारी फर्थची 1993 मधली पद्धत इथे कामाला येते. हे एकच चल असेल तर ती तासलेले-न तासलेले आणि कोसळलेले-न कोसळलेले अशा तक्त्याच्या चारही खणांत अर्धा मिळवल्यासारखी वागते: (12.5/588.5) × (1800.5/0.5), म्हणजे ऑड्सचं गुणोत्तर 76 च्या आसपास. आकडा मोठा आहे, पण अनंत नाही. विश्वासमर्यादा मात्र प्रोफाइल लाइकलीहूडवरच्या घ्या. R चं `logistf` पॅकेज त्याच देतं.

फर्थची एक किंमत आहे आणि ती बरेच जण तपासत नाहीत. शक्यता लहान असताना ही पद्धत अंदाजित शक्यतांच्या बेरजेत जवळजवळ (सहगुणकांची संख्या ÷ 2) इतकी भर घालते. इंटरसेप्ट धरून चार सहगुणक असतील तर 12 ऐवजी 14 च्या जवळपास दरडींचा अंदाज येतो. म्हणून सहगुणक फर्थचे ठेवायचे आणि इंटरसेप्ट तेवढा साध्या पद्धतीने पुन्हा काढायचा:

```r
library(logistf)
f  <- logistf(kosalla ~ taslela + utar + paus, data = d)
X  <- model.matrix(~ taslela + utar + paus, d)
lp <- drop(X[, -1] %*% coef(f)[-1])
m  <- glm(kosalla ~ 1, offset = lp,
          family = binomial, data = d)
sum(fitted(m))   # 12
```

`coef(m)` हा तुमचा नवा इंटरसेप्ट. लांबी जुळत नाही म्हणून `glm` अडला किंवा शेवटची बेरीज 12 आली नाही तर बहुधा `d` मध्ये रिकाम्या नोंदी आहेत, त्या आधी काढा. 72 चाच नमुना वापरावा लागला तर हे सगळं त्या नमुन्यावर करा आणि 3.68 अगदी शेवटी वजा करा, कारण इंटरसेप्ट पुन्हा काढताना आधीची वजाबाकी पुसली जाते.

एक गोष्ट यातल्या कुठल्याच दुरुस्तीने सुटत नाही. बारापैकी सात दरडी एकाच रात्री, घाटाच्या एकाच वळणावर पडल्या असतील, तर त्या सात स्वतंत्र घटना नव्हेत. सूत्र 12 धरून चालेल, पण माहिती पाच-सहा घटनांएवढीच असेल. मॉडेल बसवण्याआधी बाराही ठिकाणं तारखांसह नकाशावर टाकून बघा.