‘गोड बोलणं कामासाठीच होतं तर!’

“एका टॉवेल कंपनीच्या पोस्टवर मी दोन महिने लिंक्डइनवर कमेंट करतेय. त्यांच्या मार्केटिंग मॅनेजर कधीकधी उत्तरही देतात. आता कामासाठी मेसेज करायचाय, पण हातच थांबतो. त्यांना वाटेल, एवढं गोड बोलणं कामासाठीच होतं. आणि ओळख नसताना काम मागणं म्हणजे हात पसरल्यासारखं वाटतं.”

ही मुलगी माझ्याकडे आली तेव्हा ऑगस्ट संपत आला होता. वय सव्वीस, चार वर्षं फ्रीलान्स डिझाइनचं काम. वडिलांचे सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमाग आहेत. (तिच्या परवानगीने लिहितोय, ओळख पटेल असे तपशील बदलून.)

तिचं म्हणणं ऐकून मी धीर द्यायला गेलो नाही. अशी अस्वस्थता नुसती भीड असेलच असं नाही, कधीकधी ती काहीतरी खरं सांगत असते. म्हणून तिला दोन महिन्यांतल्या सगळ्या कमेंट मोठ्यांदा वाचायला लावल्या. एकूण चौदा निघाल्या. त्यांतल्या नऊ “खूप छान”, “अभिनंदन टीम” अशा. नववी वाचताना तिचा आवाज खाली गेला. उरलेल्या पाचांत मात्र तिला खरोखर काही विचारायचं होतं किंवा सांगायचं होतं. मॅनेजरबाईंनी उत्तरं दिली होती ती त्या पाचांपैकी दोनांना. जुलैत हॉटेलच्या टॉवेलांची पोस्ट आली, तेव्हा तिने विचारलं होतं की जीएसएम, म्हणजे चौरस मीटरमागे ग्रॅममधलं वजन, वाढलं की टॉवेल वाळायला वेळ लागतो, मग हॉटेलवाले नेमकं काय निवडतात? त्यावर बाईंनी चार ओळींचं उत्तर लिहिलं होतं.

म्हणजे खोटेपणाची टोचणी त्या नऊ कमेंटची होती आणि ती रास्त होती. या पाच कमेंटमध्ये लाजण्यासारखं काहीच नव्हतं. तशा पोकळ कमेंट तिने त्या दिवसापासून बंद केल्या.

हात पसरण्याची भावना कुठून आली, हे वडिलांबद्दल बोलताना कळलं. “ओळखीशिवाय कुणाच्या दारात जायचं नाही,” असं ते म्हणायचे. मी विचारलं, “मग त्यांच्या दारात कुणी अनोळखी येत नव्हतं?” ती थोडं थांबली. सुताचे दलाल यायचे, म्हणाली. काही जण आल्या आल्या दर सांगायला लागायचे, त्यांना वडील उंबऱ्यावरूनच परत पाठवायचे. एक जण मात्र आधी मागापाशी उभा राहायचा, कुठला ताणा चढलाय ते बघायचा आणि मग पिशवीतून सुताचा एकच कोन काढायचा. त्याला चहा मिळायचा. तोही अनोळखीच होता आणि विकायलाच आला होता, हे तिचं तिलाच उमगलं. मी काही बोललो नाही.

मग तिने फोनमध्ये तयार ठेवलेला मेसेज दाखवला. कंपनीची मी मोठी चाहती, लोगोपासून व्हिडिओपर्यंत सात कामं करते, तीन लिंक आणि शेवटी “कृपया एक संधी द्या.” त्यात जुलैतल्या त्या बोलण्याचा उल्लेखच नव्हता. दोन महिने ज्या बाईंचं वाचलं, त्यांनाच ती पूर्ण परक्यासारखं लिहीत होती. ‘संधी द्या’ म्हटलं की समोरच्याने उपकार करायचा, असा अर्थ होतो. हात पसरल्यासारखं तिला वाटत होतं, कारण मेसेजच तसा लिहिला होता.

त्यासोबत त्यांच्या कॅटलॉगचं एक पान नव्याने करून, फुकट जोडायचाही तिचा विचार होता. तिथे मी स्पष्ट नको म्हटलं. ते पान आधी कुणीतरी केलेलं असतं, कदाचित याच बाईंनी. त्यांचा खरेदीदार कोण, छपाई कुठे होते, हे माहीत नसताना केलेली दुरुस्ती बहुधा चुकते. आणि न मागता सगळं काम देऊन टाकलं की मग दर कशाचा सांगणार? तिच्या नजरेला काय दिसलं तेवढं सांगावं, उपाय हातचा राखावा.

नजरेला दिसलेली गोष्ट तिच्यापाशी होतीच. टॉवेलचं माप आणि जीएसएम पोस्टमधल्या फोटोत इतक्या बारीक अक्षरांत होते की फोनवर चिमटीने मोठं करून वाचावं लागे. वेळही जुळत होती. घरगुती कापडाचं मोठं प्रदर्शन दर जानेवारीत फ्रँकफर्टला भरतं आणि ही कंपनी तिथे जाते, हे पोस्टवरूनच कळलं होतं. छापील साहित्याची जुळवाजुळव त्याच्या काही महिने आधी सुरू होते.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिने ओळखीची विनंती पाठवली. सोबतच्या चिठ्ठीत फार अक्षरं बसत नाहीत, म्हणून दोनच वाक्यं: जीएसएमच्या उत्तराचे आभार, आणि मी चादर-टॉवेलचे कॅटलॉग डिझाइन करते. आपण काय करतो हे तिथेच सांगायचं, असा माझा आग्रह होता. आधी नुसती मैत्री दाखवून मागाहून काम काढलं, की तिला वाटणारी शंका समोरच्यालाही येते. तीन दिवसांनी विनंती स्वीकारली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने हा मेसेज पाठवला:

“नमस्कार मॅडम. हॉटेल टॉवेलच्या पोस्टखाली तुम्ही जीएसएमबद्दल सविस्तर उत्तर दिलं होतं. ते वाचल्यावर तुमच्या बाकीच्या पोस्ट पाहिल्या. माप आणि जीएसएम फोनवर मला मोठं करून वाचावं लागलं, खरेदीदारही बऱ्याचदा फोनवरच बघत असतील असं वाटलं. मी सोलापुरातच असते. जानेवारीच्या प्रदर्शनासाठी माहितीपत्रकं बाहेरून करून घेणार असाल, तर एका चादर कारखान्यासाठी केलेली दोन पानं पाठवू का? यंदा गरज नसेल तर तसं कळवलंत तरी चालेल.”

यात विचारलंय ते एवढंच: दोन पानं पाठवू का? हो किंवा नाही म्हणायला अर्धं मिनिट पुरतं. “काही काम असेल तर सांगा” म्हटलं असतं, तर काम शोधण्याचं काम त्यांच्याच अंगावर पडलं असतं.

आठ दिवस काही उत्तर नाही. मेसेज वाचल्याची खूण दिसत होती. नवव्या दिवशी तिचा फोन आला: “दुखावल्या असतील का? माफी मागू?” कशाची माफी? वाचलं आणि बाजूला राहिलं, यापलीकडे त्या खुणेतून काही कळत नाही. दहाव्या दिवशी तिने एकदाच दोन ओळी लिहिल्या आणि चादरीच्या त्या कामातलं एक पान जोडलं. यानंतर तिसरा मेसेज नाही, हे आम्ही आधीच ठरवलं होतं. उत्तर आलं नसतं तर ती त्या कंपनीला पुढच्या हंगामापर्यंत सोडून देणार होती. तशाच आणखी चार कंपन्यांची यादी तिने करून ठेवली होती. सगळा जीव एकाच उत्तरात अडकला की माणूस तिसरा मेसेज करतोच, हे मी अनेकदा पाहिलंय.

उत्तर दोन दिवसांनी आलं. कॅटलॉग पुण्याच्या एजन्सीकडे आहे, तो बदलणार नाही. बारीक अक्षरांचं म्हणणं मात्र पटलं. टॉवेलच्या पट्टीत घालायचं कार्ड तीन मापांत हवंय, किती घ्याल?

तिने पटकन आकडा टाकला नाही. छपाई कुठे होणार, मजकूर किती भाषांत, तपासून अंतिम कोण करणार, हे आधी विचारलं. त्याच संध्याकाळी दर पाठवला: निम्मी रक्कम आगाऊ, दोनदा दुरुस्ती त्यातच, पुढच्या दुरुस्तीचे वेगळे पैसे. मेसेज पाठवण्याआधी तो मला दाखवायचा, असं ठरलं होतं. या वेळी तिने तो पाठवून झाल्यावर दाखवला.