प्रतिवर्ती इंजिन: उलट फिरवलं तरी तेच आकडे

प्रश्न: ‘प्रतिवर्ती इंजिन’ म्हणजे नुसतं घर्षण नसलेलं इंजिन का? आणि कुठलंही खरं इंजिन त्याच्यापुढे का जाऊ शकत नाही?

घर्षण नसणं ही त्यातली एक अट झाली, पण तेवढ्यावर भागत नाही. चक्र उलट फिरवल्यावर उष्णता आणि कार्य यांचे तेच आकडे, फक्त दिशा बदलून, मिळायला हवेत. फ्रिजचं चक्रही इंजिनाच्या उलटच चालतं, पण ही अट तो पाळत नाही, म्हणून तो प्रतिवर्ती नव्हे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर याच अटीत आहे. इंजिन ज्यातून उष्णता घेतं तो उष्ण साठा ५०० केल्विनला आणि ज्यात उरलेली सोडतं तो थंड साठा ३०० केल्विनला धरा. त्यांच्यामध्ये चालणाऱ्या प्रतिवर्ती इंजिनाची कार्यक्षमता १ − ३००/५००, म्हणजे ४० टक्के. ते १००० जूल उष्णता घेतं, ४०० जूल कार्य देतं आणि ६०० जूल थंड साठ्यात सोडतं.

आता याच दोन साठ्यांवर कोणी ५० टक्क्यांचं इंजिन केल्याचा दावा केला, तर त्याला ४०० जूल कार्यासाठी ८०० जूल पुरतील आणि ते ४०० जूल थंड साठ्यात टाकेल. ते ४०० जूल कार्य वापरून प्रतिवर्ती इंजिन उलट चालवा. ते थंड साठ्यातून ६०० जूल उचलून उष्ण साठ्यात १००० जूल ओतेल. हिशोब मांडला की दिसतं: थंड साठ्यातून २०० जूल गेले, उष्ण साठ्यात २०० जूल आले आणि बाहेरून कार्य शून्य. थंडाकडून गरमाकडे उष्णता आपोआप चढली! ऊष्मागतिकीचा दुसरा नियम हेच नाकारतो, म्हणून दावा खोटा. यात इंजिन वाफेचं की हवेचं, हे कुठेच विचारावं लागलं नाही. युक्तिवादाचं खरं सौंदर्य तिथेच आहे. सादी कार्नो यांनी १८२४ मध्ये तो मांडला तेव्हा उष्णतेला ते न घटणारा द्रव समजत होते. क्लाउसियस यांनी १८५० मध्ये तो दुसऱ्या नियमावर नीट बसवला.

खरं इंजिन ४० टक्क्यांच्या खालीच राहतं, ते केवळ घर्षणामुळे नव्हे. उष्णता वाहायला तापमानात फरक लागतो. समजा उष्णतेची देवाणघेवाण करताना आतला वायू आणि साठा यांच्यात दोन्ही बाजूंना २५ अंशांचा फरक राहिला. वायू ४७५ आणि ३२५ केल्विनमध्ये काम करतो, आणि बाकी सगळं निर्दोष असलं तरी कार्यक्षमता ३१.६ टक्क्यांवर येते. फरक शून्याकडे न्यावा तर उष्णता इतकी सावकाश वाहते की चक्राला अमर्याद वेळ लागतो, म्हणजे शक्ती शून्य.

गणित करताना तापमान केल्विनमध्येच घ्या. वरचीच तापमानं सेल्सिअसमध्ये २२७ आणि २७ घातली की उत्तर ८८ टक्के येतं.